पस्तीसचं क्रीम, पंचवीसचं क्रीम

केक बनवणाऱ्या त्या कारखान्यात क्रीमखोलीत नोकरी मागायला कुणी आलं, की उस्ताद त्याचं नाव-गाव विचारत बसत नसे. बर्फाच्या परातीत स्टीलचे तीन वाडगे ठेवायचा, हातात तारांचा व्हिस्क द्यायचा आणि म्हणायचा, "फेट. होईल." मग हाताची घडी घालून भिंतीला टेकायचा आणि तमाशा बघायचा.

एका वाडग्यात मलई असे. कारखान्यात रोज पन्नास लिटर दूध तापायचं, त्यावर धरलेली, गाळणीतून दाबून काढलेली. दुसऱ्यात डेअरीचं साधं क्रीम, सॉसमध्ये आणि सारणात ओतायचं. तिसऱ्यात फेटायचं क्रीम, केकवर चढणारं. तिन्ही पांढरी, तिन्ही गार. येणारा बिचारा बहुतेक वेळा मलईवर झडप घालायचा, कारण ती दिसायला सगळ्यांत दाट. पाच मिनिटांत तिच्यात गुठळ्या व्हायच्या आणि पाणी सुटायचं. मग तो घाबरून साध्या क्रीमकडे वळायचा. त्यात साबणासारखे बुडबुडे यायचे आणि बसायचे, यायचे आणि बसायचे. उस्ताद म्हणायचा, "हात ढिला पडतोय तुझा. फेट, फेट. होईल." एकदा कॉलेजात बेकरी शिकून आलेला एक गडी पन्नास मिनिटं फेटत राहिला होता आणि शेवटी ओट्यावर डोकं टेकून रडला होता. ही गोष्ट उस्ताद आजही जेवणाच्या सुट्टीत सांगायचा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं वाढवायचा.

आणि कुणी बोट बुडवून चाखलंच, तर त्याची धडगत नव्हती. उस्ताद म्हणायचा, "अरे, हे मांजर कुठून आलं आत?" की लगेच भट्टीवाला पलीकडून "म्यांव" करायचा, आणि सगळी खोली हसायची. चाखणारा कामावर राहिला तरी त्याचं नाव मांजरच पडायचं. एकतीस वर्षांत उस्तादने माल जिभेला लावला नव्हता. चाखतो तो नवशिका, असं त्याचं ठाम मत. कारागिराने थेंबभर क्रीम अंगठा आणि बोटाच्या मध्ये घ्यावं, एकदा घासावं आणि त्यात फॅट किती टक्के आहे तो आकडा सांगावा. तो सांगायचाही. "पस्तीस आहे." "आज डेअरीने गडबड केलीय, बत्तीसच्या वर नाही." डेअरीचा माणूस कागद बघून मान डोलवायचा. ही सगळी कमाई त्या दोन बोटांची होती.

ती दोन बोटं दोन वर्षांपूर्वी मेली.

आधी पायांना मुंग्या आल्या, मग तळवे बधिर झाले, मग हात. डॉक्टर म्हणाले, साखर कित्येक वर्षांची आहे, तुम्ही आत्ता आलात. बायकोने ऐकलं आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या केकवर साखर घातलीस, त्यातली थोडी तुझ्यात राहिली." तिचं बोलणं असंच होतं. एकदा तापलेल्या पातेल्याची कड त्याने नुसत्या हाताने धरली आणि धरूनच उभा राहिला. तिनेच हातावर फटका मारून ती सोडवली. त्या रात्री फोड तिने फोडला, त्याने दुसरीकडे बघितलं. गरम नाही, गार नाही, चिकट नाही, कोरडं नाही. बोटांवर जणू कुणी जाड मोजे चढवले होते, आणि ते काढता येत नव्हते.

कारखान्यात मात्र कुणाला पत्ता नव्हता. डेअरीचं क्रीम बंद कॅनमध्ये यायचं आणि कॅनच्या कडीला पत्र्याची चकती लटकलेली असायची. लाल म्हणजे पंचवीस टक्के, साधं. निळी म्हणजे पस्तीस, फेटायचं. उस्ताद आधी चकती बघायचा, मग झाकण उघडून थेंब घ्यायचा, डोळे मिटून बोटं घासायचा आणि आकडा सांगायचा. नाटक बिनचूक वठायचं. जोवर कॅनला चकती आहे, तोवर आपल्याला मरण नाही, असं त्याला वाटायचं. आणि तसं चाललंही होतं, ती येईपर्यंत.

ती आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत घरून आणलेला ॲप्रन. चाळिशीला टेकलेली, बारीक चणीची बाई. एका डेअरीच्या तपासणीखोलीत बारा वर्षं होती. डेअरी बंद पडली, नवरा त्याआधीच गेला होता. उस्तादने नेहमीप्रमाणे तीन वाडगे मांडले. तिने व्हिस्क हातात घेतला नाही. करंगळी बुडवली आणि पहिल्या वाडग्यातलं चाखलं.

"मांजर आलं रे," उस्ताद म्हणाला. भट्टीवाल्याने आपलं काम केलं. खोली हसली. बाईने दुसरा वाडगा चाखला, तिसरा चाखला, करंगळी ॲप्रनला पुसली.

"ही मलई," ती म्हणाली. "हिच्यात फॅट भरपूर आहे, चाळीस, कदाचित पन्नासही. पण तापलेल्या दुधावरची आहे. दुधातलं प्रथिन शिजून हिच्यात अडकलंय आणि फॅटच्या थेंबांची सालं फुटलीत. हिला फेटलं तर हवा धरणार नाही, सरळ लोणी होईल. हे मधलं पंचवीसचं. हे उद्या सकाळपर्यंत फेटलं तरी होणार नाही. शेवटचं पस्तीसचं. फेटायचं असेल तर हे."

नेमकी तेव्हाच मालकीण दारात उभी होती. तरुण होती, वडिलांच्या मागे कारखाना हातात घेऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिला प्रत्येक गोष्टीचं का हवं असायचं. तिने विचारलं, मधलं का होणार नाही? दिसायला तर सारखंच आहे.

बाईने सांगितलं. फेटताना क्रीममध्ये हवेचे बुडबुडे शिरतात. त्या प्रत्येक बुडबुड्याभोवती फॅटच्या थेंबांनी हातात हात घालून कडं करावं लागतं, तर तो टिकतो. तीस टक्क्यांच्या खाली गेलं की कडं पुरं करायला थेंबच पुरत नाहीत. बुडबुडा येतो, फुटतो. आणि नुसतं फॅट असूनही भागत नाही, ते गार हवं. ऊब लागलेल्या क्रीममधलं फॅट मऊ पडतं, हात धरतच नाही, निसटतं. आणि झाल्यावरही फेटत राहिलं, तर तेच थेंब एकमेकांना इतके घट्ट धरतात की हवेला हाकलून देतात, आणि पुन्हा लोणीच.

मालकीण ऐकत राहिली. मग उस्तादकडे वळून म्हणाली, बरोबर आहे का हे?

उस्ताद एकतीस वर्षं क्रीम फेटत होता, पण आपण नेमकं काय करतो हे त्याने कधी असं ऐकलं नव्हतं. ते ऐकून त्याला ती बाई जी नावडली ती कायमची. "शब्द बरोबर आहेत," तो म्हणाला.

ती दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागली. सगळे तिला डेअरीवाली म्हणायला लागले, उस्ताद मात्र मांजर म्हणायचा. तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. फेटायच्या आधी वाडगा आणि व्हिस्कसुद्धा गार करून घ्यायची, कॅन उघडला की करंगळी बुडवायची, चाखायची, मग हात धुवायची. दरवेळी म्यांव व्हायचं. ती ऐकलंच नाही असं दाखवायची. त्याने उस्तादचा जीव आणखी जळायचा. छळायचं आणि समोरच्याने हूं की चूं करू नये, याइतकं बेचव काही नाही.

मग त्याने बशी काढली. रोज सकाळी डेअरीवाली यायच्या आधी तिच्या ओट्यावर एक बशी ठेवलेली असायची, निळ्या काठाची, दुधाने भरलेली. पहिल्या दिवशी भट्टीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. तिने बशीकडे बघितलं, दूध मोरीत ओतलं, बशी धुतली, पुसली आणि फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बशी परत तिथेच. तीन महिने, रविवार सोडून रोज. एकही दिवस ती काही बोलली नाही, आणि एकही दिवस उस्ताद विसरला नाही.

एकदा शाळेला सुट्टी होती आणि तिच्या मुलीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. सात वर्षांची पोर, दोन वेण्या घातलेली. आईच्या ओट्याजवळ पाटावर बसून ती कागदाच्या कोनाने चित्र काढल्यासारखं काहीतरी करत होती. आईने कॅन उघडला, करंगळी चाखली. म्यांव. पोरीने मान वर केली. तिला ती गंमत वाटली. भट्टीवाल्याने पुन्हा केलं, उस्तादनेही केलं, तोंडाशी हात नेऊन मिशांचा अभिनय करत. मग पोर खुदकन हसली आणि आईकडे बघून तिनेही केलं, "म्यांव." अगदी छान केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डेअरीवालीने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मिक्सर चालू केला. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं क्रीम जास्त फेटलं गेलं, कडेला पिवळट कण दिसायला लागले. उस्तादने ते पाहिलं आणि त्याला फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मालकिणीने सगळ्यांना एकत्र बोलावलं. एका मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला गुरुवारी अकरा वाजता येणार होता. त्याला वनस्पती तेलाचं, डब्यातलं, तीन दिवस ताठ उभं राहणारं क्रीम नको होतं. खरं दुधाचं क्रीम हवं होतं आणि ते डोळ्यांदेखत फेटलेलं बघायचं होतं. उस्ताद एक केक करील, डेअरीवाली एक करील. ज्याचा पसंत पडेल, त्याच्या हाती क्रीमखोली. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राहायचं.

शेवटचं वाक्य मालकीण सहज बोलून गेली. उस्तादच्या कानात ते दिवसभर वाजत राहिलं. हाताखाली राहायचं म्हणजे दुसऱ्याने दिलेलं काम करायचं. थर्मामीटर न लावता सांगा हो पाक किती गरम झालाय, बघा हो वाडगा गार झाला का. चार दिवसांत त्याच्या बोटांचं बिंग फुटलं असतं. आणि ते फुटलं की एकतीस वर्षांचा उस्ताद एका दिवसात म्हातारा होणार होता. त्याला केक हरण्याची भीती नव्हती. हात उघडे पडण्याची होती.

बुधवारी दुपारी डेअरीतून निळ्या चकतीचे दोन कॅन आले. मालकिणीने दोघांना एकेक दिला. कोल्ड रूममध्ये खालच्या फळीवर डावीकडे डेअरीवालीचा, उजवीकडे उस्तादचा. रात्रभर गार व्हायला हवेत म्हणून. वरच्या फळीवर लाल चकतीचे दोन कॅन होते, सारणाचे. चारही कॅन एकसारखे, एकाच मापाचे.

सगळे गेल्यावर उस्ताद कोल्ड रूममध्ये शिरला. वरचा एक लाल चकतीचा कॅन खाली घेतला. डेअरीवालीच्या कॅनची निळी चकती काढून त्याला लावली आणि तो डावीकडे ठेवला. तिचा खरा कॅन लाल चकती लावून वर चढवला. चकत्यांच्या कड्या बारीक होत्या, त्याच्या बोटांतून तीनदा निसटल्या. प्रत्येक वेळी पत्रा फरशीवर वाजला आणि त्याने दाराकडे बघितलं. मग आपल्या उजवीकडच्या कॅनच्या कडीला केकच्या खोक्याचा लाल दोरा बांधला, उगाच सकाळी घोळ नको म्हणून. गाठ कशीबशी बसली, लोंबत्या टोकांची, पोराने बुटाला मारावी तशी. त्याला ती बघून लाज वाटली. मग उद्या पंचवीसचं क्रीम फेटणाऱ्या डेअरीवालीचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि लाज गेली.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिच्यापासून त्याने कधी काही लपवलं नव्हतं, वाईट तर नाहीच. तिने भात वाढता वाढता ऐकून घेतलं.

"सकाळी आधी चाखून बघ," ती म्हणाली. "तुझ्या कॅनमधलं."

"मी मांजर आहे का?"

"बोटं गेलीत तुझी. जीभ आहे अजून. खोलीत कुणी नसेल तेव्हा बघ. कोण बघणार आहे?"

त्याने ताट सरकवलं. एकतीस वर्षं ज्याला हसलो तेच आता दाराआड करू, असं तिला वाटलं तरी कसं, म्हणून तो चिडला. तिने ताट उचललं आणि त्याची बोटं पुसायला ओला पंचा दिला. पंचा गरम होता की गार, ते त्याला कळलं नाही.

गुरुवारी तो आठला आला. डेअरीवाली सहालाच येऊन बसली होती, स्पंजचे थर कापत होती. ओट्यावर बशी नव्हती. आजच्या दिवशी त्याची ती ठेवायची राहूनच गेली होती. तो कोल्ड रूममध्ये गेला. खालच्या फळीवर दोन कॅन, दोन निळ्या चकत्या, उजवीकडच्याला लाल दोरा. गाठ घट्ट, नेटकी, दोन्ही टोकं सारख्या लांबीची. उस्तादने गाठीवरून अंगठा फिरवला. जमतं अजून, असं त्याच्या मनात आलं. काल घाईत वाटलं तेवढी काही वाईट बसली नव्हती. चाखायचा विचार मनाला शिवून गेला, बायकोच्या आवाजात. त्याने कॅन उचलला आणि बाहेर आला.

खरेदीवाला बरोबर अकराला आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, हातात वही. मालकिणीने त्याला स्टूल दिलं. भट्टीवाला आणि दोन पॅकिंगवाल्या बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. डेअरीवालीने आपलं क्रीम मिक्सरमध्ये ओतलं. उस्तादने मिक्सर नाकारला. बर्फाच्या परातीत तांब्याचा मोठा वाडगा ठेवला, बाह्या दुमडल्या आणि थेंबभर क्रीम अंगठ्यात-बोटात घेऊन डोळे मिटले.

"पस्तीस," तो म्हणाला. "भरपूर पस्तीस."

खरेदीवाल्याने मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपलं.

डेअरीवालीचं क्रीम सहा मिनिटांत झालं. आधी व्हिस्कच्या रेघा उमटायला लागल्या, मग त्या रेघा मिटेनाशा झाल्या, मग तिने मिक्सर थांबवून व्हिस्क वर उचलला तर त्याला लागून एक टोक उभं राहिलं आणि हळूच वाकलं. तिने तिथेच थांबवलं. उस्ताद कान देऊन होता. मिक्सर इतक्या लवकर थांबला म्हणजे हिने हाय खाल्ली, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने मान वळवून बघितलं.

त्याचा हात थांबला नाही. त्याच्या वाडग्यात बुडबुडे होते. मोठे, ओले बुडबुडे, यायचे आणि बसायचे. हे दृश्य त्याने शेकडो वेळा भिंतीला टेकून बघितलेलं होतं. वाडग्याच्या या बाजूने ते कधी पाहिलं नव्हतं.

"बर्फ कमी पडतोय," तो म्हणाला. भट्टीवाल्याने बर्फ आणून टाकला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. त्याने हात बदलला, मग पुन्हा पहिला धरला. शेवटी स्वतःच वाडगा मिक्सरच्या भांड्यात रिकामा केला आणि वेग वाढवला. क्रीम भांड्याच्या कडेला उडालं, त्याच्या चष्म्यावर उडालं, पण उभं राहिलं नाही. खरेदीवाल्याने घड्याळ बघितलं, मग अदबीने छताकडे बघितलं. डेअरीवालीचा केक तोवर तयार होऊन काचेखाली गेला होता.

"उस्ताद, गार आहे ना नीट?" डेअरीवाली म्हणाली. तीन महिन्यांत ती आपणहून त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "भांड्याला हात लावून बघा."

त्याने हात लावला. काहीच नव्हतं तिथे. "गार आहे," तो म्हणाला.

"मग होईल," ती म्हणाली. "फेटा, फेटा. होईल."

तेव्हा त्याची नजर ओट्यावरच्या रिकाम्या कॅनकडे गेली. लाल दोऱ्याची गाठ. घट्ट, नेटकी, दोन्ही टोकं सारख्या लांबीची. अशी गाठ त्याला गेल्या दोन वर्षांत बांधता आली नव्हती. काल रात्रीची त्याला आठवली, लोंबत्या टोकांची. सहा वाजता आलेल्या बाईने करंगळी बुडवली असणार, आपल्या कॅनमध्ये, मग त्याच्या. आणि दोन्ही कॅनच्या जागा बदलून दोरा सोडून इकडचा तिकडे बांधला असणार, सावकाश, ज्याची बोटं जिवंत आहेत अशा माणसासारखा. गाठ बघूनच तिला बोटांचंही कळलं असणार.

ओरडावं असं त्याला वाटलं. पण ओरडून सांगणार काय? हिने कॅन बदलला? मग खालच्या फळीवर निळी चकती लावलेला पंचवीसचा कॅन कुणी ठेवला, हे आधी सांगावं लागलं असतं.

मालकीण पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तेच वाईट होतं. "डेअरीने चुकीचा कॅन पाठवला असेल का?"

"हो," उस्ताद घाईने म्हणाला. "डेअरीचीच चूक. हे पस्तीस नाही."

"पण तुम्ही बोटाने बघितलंत ना? पस्तीस म्हणालात." तिने त्याच्या हाताकडे बघितलं. "उस्ताद, बोटाला कळलं नाही का?"

 पॅकिंगवाल्या बायका आपल्या पायांकडे बघत होत्या. उस्तादने पुन्हा थेंब घेतला, पुन्हा घासला. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होते हे त्याला दिसत होतं. त्यापलीकडे काही नव्हतं. तो घासत राहिला. आकडा येईना.

"चाखून बघा ना, उस्ताद," डेअरीवाली म्हणाली. अगदी मऊ आवाजात, मुलीला औषध देताना बोलावं तसं. "जिभेला लगेच कळतं."

त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुणीतरी नको म्हणेल, असं त्याला वाटलं. निदान भट्टीवाला तरी. खरेदीवाला स्टुलावर पुढे झुकून कुतूहलाने बघत होता. उस्तादने बोट तोंडात घातलं.

जिभेला लगेच कळलं. पातळ, दुधाळ, घशाकडे जाता जाता नाहीसं होणारं. जिभेवर साय राहत नव्हती. किती सोपं होतं ते. एकतीस वर्षं त्याच्या तोंडात ही जीभ होती.

"पंचवीस," तो म्हणाला.

भट्टीकडून बारीक आवाज आला, "म्यांव." खरं तर भट्टीवाल्याने तो ठरवून काढला नव्हता. कुणी चाखलं की तो आवाज काढायचा, इतकी त्याची सवय झाली होती. पण आवाज आला, आणि आधी एक पॅकिंगवाली फुटली, मग दुसरी, मग सगळी खोली. खरेदीवाल्याला कशाचं हसू ते माहीत नव्हतं, पण सगळे हसत होते म्हणून तोही मोकळेपणाने हसला.

डेअरीवाली हसली नाही. तिने फळीवरून निळ्या काठाची बशी काढली, न फेटलं गेलेलं क्रीम तिच्यात ओतलं आणि ती उस्तादसमोर ठेवली.

मालकिणीने त्याला कामावरून काढलं नाही. दयाळू बाई होती ती. वडिलांच्या वेळचा माणूस, तब्येत बरी नाही, कुठे जाईल. तिने त्याला हलकं काम दिलं, रोजच्या दुधावरची मलई काढायचं. वाफेवर वाकून झाऱ्याने मलई ओढायची आणि गाळणीतून दाबायची. दूध कधी उतू जायला आलं आणि हातावर सांडलं तरी त्याला कळायचं नाही. घरी बायको फोड मोजायची आणि मोठ्याने आकडा सांगायची. सकाळी त्याच्या पातेल्याजवळ बशी असायची, दुधाने भरलेली. रविवार सोडून रोज. तो ती ओतायचा, धुवायचा, पुसायचा आणि फळीवर ठेवायचा.

तीन वाडग्यांचा रिवाज डेअरीवाली मोडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. मुलाखतीला आलेल्या पहिल्याच माणसासमोर तिने बर्फाची परात मांडली. मलईचा वाडगा भरून आणायचं काम उस्तादचं होतं.

एका सकाळी एक बाई आली. पन्नाशीची, थकलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिने मधला वाडगा निवडला होता. अर्धा तास ती फेटत होती, तिच्या दंडाला कंप सुटला होता. डेअरीवाली भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. बाईने इकडेतिकडे बघितलं. खोलीत सगळ्यांत म्हातारा, सगळ्यांत गरीब दिसणारा माणूस मलईच्या पातेल्याशी उभा होता. तिने नजरेनेच त्याला विचारलं, होईल का हो हे?

उस्तादला ठाऊक होतं, होणार नाही. मान नुसती हलवली असती तरी पुरलं असतं.

बाईने शेवटी व्हिस्क खाली ठेवला, घाबरत घाबरत करंगळी बुडवली आणि ओठांना लावली. भट्टीवाल्याने तोंड उघडायच्या आत, सगळ्यांच्या आधी, उस्तादने म्यांव केलं. आणि खोली हसली तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो सगळ्यांबरोबर हसला.